‘करून टाका’ची किंमत

घराचं काम काढलं की आपल्या तोंडी दोन वाक्यं असतात. पहिलं, ‘‘किती होतील?’’ आणि दुसरं, ‘‘बरं, करून टाका.’’ पहिल्याचं उत्तर कोटेशनमध्ये लिहून मिळतं. दुसऱ्याचं उत्तर थेट शेवटच्या बिलात मिळतं आणि तोवर काम भिंतीच्या आत गेलेलं असतं. बिल्डरांची आणि आर्किटेक्टची बिलं तपासणं हा माझा रोजचा धंदा आहे. त्यामुळे ओळखीपाळखीत कुणाचं इंटिरियर, कुणाचं रिनोव्हेशन निघालं की शेवटचा कागद माझ्या व्हॉट्सअॅपवर येतोच. गेल्या खेपेला तो मामेभावाकडून आला. खाली एकच ओळ होती : ‘हे बघ आणि मला सांग, हसू का रडू?’

मामेभाऊ हिंजवडीत नोकरीला आहे. घर त्याच्या आईवडिलांचं, म्हणजे माझ्या मामा-मामींचं, आंबेगाव तालुक्यातल्या पारगावात. भीमाशंकर साखर कारखान्याचं पारगाव म्हटलं की पुणे-नाशिक रस्त्यावरून जाणाऱ्यांना पटकन कळतं. जुनं घर, पुढच्या दोन खोल्या दगड-मातीच्या, मागे नंतर बांधलेलं विटांचं स्वयंपाकघर आणि पत्र्याची पडवी. भिंतींना ओल, वायरिंग जुनाट, संडास-बाथरूम अंगणाच्या टोकाला. रात्री उसातून बिबट्या येतो त्या गावात साठी ओलांडलेल्या बाईने अंधारात अंगण ओलांडायचं, हे भावाला पटेना. त्याने कर्ज काढलं आणि गावाकडच्याच एका कॉन्ट्रॅक्टरला मटेरियलसह ९ लाखांना काम दिलं.

करार एका पानाचा. त्यात आठ ओळी : संपूर्ण घराचा जुना गिलावा काढून नवा करणे, फरशी (भाव ४० रुपये चौरस फूट धरून), किचन ओटा, आत नवीन संडास-बाथरूम, वायरिंगचे ३० पॉइंट (जादा पॉइंट ९०० रुपयांप्रमाणे), मागच्या पडवीचे पत्रे बदलणे, दारं-खिडक्यांची दुरुस्ती आणि रंग. खाली ‘एकूण ९,००,०००’ आणि दोघांच्या सह्या. गावाकडच्या मानाने हा करार चांगलाच म्हणायचा. पुण्यातल्या कित्येक फ्लॅटची इंटिरियर याहून कमी कागदावर होतात.

पाच महिन्यांनी काम जवळजवळ उरकलं. तोवर साडेआठ लाख देऊन झाले होते, म्हणजे ५० हजार बाकी. आणि मग ‘वाढीव काम’ अशा मथळ्याचं बिल आलं :

जादा फरशी, ६७२ चौरस फूट × ६२ रुपये : ४१,६६४
भिंत पाडून बीम टाकणे, एकरकमी : ६०,०००
जादा गिलावा, ५ ब्रास : २२,५००
लाइटचे जादा पॉइंट १८ : १६,२००
सिमेंट-लोखंडाची भाववाढ : २५,०००
एकूण : १,६५,३६४

बाकीचे ५० हजार धरून मागणी २,१५,३६४ रुपयांची. भावाच्या कर्जात आता एक पैसा शिल्लक नव्हता. कॉन्ट्रॅक्टरने बाथरूमचं उरलेलं काम थांबवलं होतं आणि मामी अजून अंगणच ओलांडत होत्या.

अशा वेळी घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, ‘‘लुटलं त्याने, एक रुपया देऊ नका.’’ दुसरा म्हणतो, ‘‘जाऊ दे, गावातला माणूस आहे, देऊन टाका.’’ दोन्ही पक्ष बिलाच्या शेवटच्या आकड्याकडे बघून भांडत असतात. खरं तर बघायचं असतं प्रत्येक ओळीकडे, आणि प्रत्येक ओळीला तेच तीन प्रश्न विचारायचे असतात. हे काम मूळ करारात आधीच होतं का? नसेल तर ते कुणी सांगितलं? आणि त्याच्या बदल्यात मूळ कामातलं काय गळालं? मी शनिवारी पारगावला गेलो तो हे तीन प्रश्न आणि एक मेजरिंग टेप घेऊन.

सगळ्यात सोपी ओळ पॉइंटची. मोजले, ४८ भरले. करारात ३०, जादा १८, दर ठरलेला. १६,२०० रुपये मान्य. या ओळीवर कुणाचा आवाजही चढला नाही, कारण दर आधी लिहिलेला होता आणि पॉइंट भिंतीवर दिसत होते. वाढीव कामात भांडण केव्हा होत नाही, ते इथे कळतं.

मग फरशी. मामी मंचरला दुकानात गेल्या आणि त्यांनी ६२ रुपयांची फरशी पसंत केली. त्या गेल्या, त्यांनी निवडली, कॉन्ट्रॅक्टरने आणली. हे वाढीव काम आहे यात वाद नाही. पण किती? खोल्यांचं क्षेत्रफळ ६४० चौरस फूट भरलं, तुटफुटीला पाच टक्के धरून ६७२ फूट खरेदी, दुकानाची पावतीही होती. इथवर बरोबर. फक्त बिलात भाव पूर्ण ६२ चा लावला होता. त्यातले ४० रुपये ९ लाखांत आधीच बसलेले आहेत. लावायचा तो फरक, २२ रुपये. म्हणजे १४,७८४ रुपये. कॉन्ट्रॅक्टरला दाखवलं तेव्हा तो दोन मिनिटं गप्प बसला आणि म्हणाला, ‘‘पोरानं बिल टाईप केलंय, त्याला काय कळतं.’’ असेलही. पण ही चूक मी इतक्या बिलांत पाहिली आहे की फरशी, टाइल्स, नळ, लॅमिनेट यांपैकी काहीही अपग्रेड केलंत की पहिल्यांदा हेच तपासा : बिल पूर्ण किमतीचं आहे की फरकाचं?

गिलाव्याची ओळ तर करारातच संपते. कॉन्ट्रॅक्टरचं म्हणणं होतं की खालचा तीन फुटांचा गिलावा ओलीने पोकळ झाला होता, तो दगडापर्यंत खरवडावा लागला. खरं आहे, टिचकी मारली की पोकळ गिलावा भदभद वाजतो आणि जुन्या घरांत तो तसा असतोच. पण करारात शब्द आहेत, ‘संपूर्ण घराचा जुना गिलावा काढून नवा करणे’. संपूर्ण म्हणजे पोकळ धरून. काम अवघड निघालं म्हणून ते वाढीव होत नाही. करारात ‘गरजेप्रमाणे गिलावा’ असं लिहिलं असतं तर मात्र हे साडेबावीस हजार द्यावे लागले असते. शब्दाची किंमत म्हणतात ती ही.

भाववाढीच्या २५ हजारांबद्दल बोलताना मला एक जुना, तुपाचा खटला आठवतो. दुसऱ्या महायुद्धात अलोपी प्रसाद नावाची फर्म लष्कराला तूप पुरवत होती. युद्धामुळे परिस्थिती बदलली, खर्च वाढला, तेव्हा आम्हाला ठरल्यापेक्षा जास्त मिळावं, असं त्यांचं म्हणणं. १९६० मध्ये सुप्रीम कोर्टाने ते नाकारलं. ठरलेला दर परवडेनासा झाला, एवढ्यावरून करार बाजूला ठेवून नवा दर मागता येत नाही. घराच्या कामालाही तेच लागू. भाववाढ द्यायची असेल तर तसं कलम करारात हवं. इथे नव्हतं. कॉन्ट्रॅक्टरनेही ही ओळ फारशी लावून धरली नाही. मला वाटतं, ती घासाघीस करताना सोडून द्यायला म्हणूनच टाकली होती.

राहिली भिंत, आणि खरा गुंता तिथेच होता.

पुढची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये दीड फूट जाडीची दगड-मातीची भिंत होती. काम चालू असताना मामा म्हणाले, इथे आठ फुटांचं मोकळं केलं तर घर मोठं दिसेल. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, बीम टाकावा लागेल. मामा म्हणाले, करून टाक. भाऊ त्या वेळी ऑफिसात होता. त्याला हे कळलं ते भिंत पडल्याचा फोटो आल्यावर. ‘मी तर सांगितलंच नव्हतं, पैसे माझे चाललेत,’ असं त्याचं म्हणणं. मामांचं म्हणणं, ‘‘आरं, त्यो म्हणला थोडंफार लागतील. थोडंफार म्हंजी साठ हजार?’’

इथे आपल्याकडे एक मोठा गैरसमज आहे. लेखी नाही ना, मग देणं लागत नाही, असं बऱ्याच जणांना वाटतं. कायदा तसं म्हणत नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात तोंडी करारही करारच असतो. आणि त्याच कायद्याच्या कलम ७० प्रमाणे, फुकट करण्याचा हेतू नसताना कुणी तुमच्यासाठी रीतसर काम केलं आणि तुम्ही त्याचा फायदा घेतलात, तर त्याचा मोबदला द्यावा लागतो. यावरचा गाजलेला खटला बंगालमधला. १९४४ मध्ये आरामबागला बी. के. मंडल अँड सन्स या कॉन्ट्रॅक्टरने सरकारी अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून साठवणुकीच्या शेड, कच्चा रस्ता, स्वयंपाकघर वगैरे बांधून दिलं. सरकारी करार ज्या रीतीने व्हायला हवा तसा झालाच नव्हता. सरकार म्हणालं, करारच नाही तर पैसे कसले? १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, करार नसेल, पण काम स्वीकारलं आणि वापरलं, तेव्हा मोबदला द्या. नको होतं तर नाकारायची मोकळीक होती.

मामांच्या बाबतीत हेच. भिंत पडताना, बीम भरताना मामा समोर खुर्ची टाकून बसले होते. आज त्या मोकळ्या जागेतून घरात उजेड येतो. तेव्हा पैसे देणं भागच होतं. म्हणजे लेखी नसण्याचा फायदा घरमालकाला होत नाही. लेखी नसलं की फक्त एवढंच होतं : द्यायचं हे नक्की, पण किती हे कुणालाच माहीत नाही. आणि ते ‘वाजवी’ किती, यावर दोघं भांडत बसतात.

बीम तर आता गिलाव्याच्या आत. मोजायचा कसा? सुदैवाने भावाकडे आलेल्या फोटोंत सळई बांधलेली दिसत होती आणि कॉन्ट्रॅक्टरकडे लोखंडाची पावती होती. दहा फूट लांबीचा बीम, म्हणजे आठ फुटांचं मोकळं अंतर आणि दोन्ही बाजूंना एकेक फूट टेकू. रुंदी भिंतीइतकी, दीड फूट, खोली एक फूट. एकूण १५ घनफूट काँक्रीट. सळई ४५ किलो. मजुरीचे दिवस किती, यावर मात्र दोघांचे आकडे जुळेनात. ते कोडं मामींनी सोडवलं. ‘‘पाच दिवस होती माणसं. एक मिस्त्री आणि तिघं. दोन वेळचा चहा मीच करत होते ना.’’

मग हिशोब असा झाला. मिस्त्री हजार रुपये, तीन बिगारी सातशेप्रमाणे, म्हणजे दिवसाचे ३,१०० आणि पाच दिवसांचे १५,५००. लोखंड, सिमेंट, खडी, क्रश सँड, सेंट्रिंग आणि टेकूचं भाडं, राडारोडा उचलायची ट्रॉली मिळून १३,३२५. बेरीज २८,८२५. त्यावर कॉन्ट्रॅक्टरचा नफा आणि वरखर्च १५ टक्के धरला, ४,३२४. एकूण ३३,१४९. साठ हजार नाही आणि मामांच्या मनातलं ‘थोडंफार’ही नाही.

कॉन्ट्रॅक्टरची बाजूही सांगतो, कारण ती खरी आहे. ‘‘तुमच्या भिंतीपायी माझी फरशीवाली टीम आठवडाभर बसून होती. नारायणगावची साइट बोंबलत होती. सीझन चालू, ट्रॅक्टर सगळे उसाला, राडारोड्याला ट्रॉली मिळेना. ते कुणी धरायचं?’’ मध्येच आलेल्या बदलाचा खर्च नुसत्या सिमेंट-लोखंडाचा नसतो, खोळंब्याचाही असतो. पण तो खर्च भिंत पाडायच्या आधी सांगितला असता तर मामांनी कदाचित भिंतच पाडली नसती. आधी सांगणं म्हणजे घरमालकाला ‘नको’ म्हणायची संधी देणं. भिंत पडल्यानंतर ती संधी उरत नाही.

आता तिसरा प्रश्न : गळालं काय? बिलात पाच ओळी होत्या आणि पाचही अधिकच्या. वजा एकही नाही. पण करारातल्या पडवीच्या पत्र्यांचं काय झालं? मामांनी मध्येच सांगितलं होतं, पत्रे चांगले आहेत, राहू द्या. ३२० चौरस फुटांचं पत्र्याचं काम झालंच नाही, तरी ते ९ लाखांत तसंच बसलेलं. बसवण्यासह ११० रुपये फूट असा गावातला दर धरला तर ३५,२०० रुपये वजा व्हायला हवेत. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, मी पाइप आणून ठेवले होते, शिवाय माझा दर एवढा नव्हताच. त्याचं खोटं म्हणता येईना, कारण करारात नुसती एकूण रक्कम होती, पत्र्यांची वेगळी किंमत कुठेच नव्हती. बरीच ओढाताण होऊन २४ हजारांवर मिटलं. एकरकमी कराराची हीच गोम आहे. काम वाढलं की कॉन्ट्रॅक्टर तुम्हाला दर सांगतो, काम कमी झालं की दर सांगायला कुणीच नसतं. म्हणून करार एकरकमी असला तरी आठ ओळींपुढे आठ आकडे लिहून घ्यायचे. बेरीज तीच राहते, पण वजाबाकी करता येते.

सगळं धरून वाढीव निघाले १४,७८४, १६,२०० आणि ३३,१४९, म्हणजे ६४,१३३. त्यातून २४ हजार वजा, राहिले ४०,१३३. मूळचे ५० हजार मिळवून ९०,१३३. वरचे १३३ सोडून ९० हजारांवर तोडगा निघाला. दोन लाख पंधरा हजारांच्या मागणीचे नव्वद हजार होण्यात माझी काही हुशारी नाही. ओळ न् ओळ वाचली, एवढंच.

पण दुसरी एक गोष्ट मला जास्त टोचली. बिल येईपर्यंत साडेआठ लाख गेले कसे? हप्ते असे ठरले होते : सुरुवातीला ३ लाख, काम सुरू झाल्यावर २ लाख, दिवाळीला २ लाख, फिनिशिंगला दीड लाख, शेवटी ५० हजार. आता यात ‘काम सुरू झाल्यावर’ म्हणजे काय? पहिला हातोडा पडला की सुरू झालं. दिवाळी तर काम झालं नाही तरी येते. पाच लाख गेले तेव्हा घरात नुसता राडारोडा होता. पैसे कामाच्या पुढे धावले की कॉन्ट्रॅक्टरला घाई राहत नाही आणि तुमच्या हातात ‘आधी हे पूर्ण करा’ म्हणायला काही उरत नाही. म्हणूनच ५० हजारांसाठी तो बाथरूम अर्धं सोडू शकला.

हप्ता तारखेला किंवा सणाला बांधायचा नाही. जे डोळ्यांनी दिसतं, बोटाने दाखवता येतं, त्याला बांधायचा. या घरासाठी मी असा क्रम लावला असता : सुरुवातीची उचल दहा टक्के, म्हणजे ९० हजार. तोडफोड, भिंतीतली पायपिंग आणि वायरिंगचे पाइप होऊन, पाण्याच्या लाइनला प्रेशर देऊन गळती नाही हे बघितल्यावर २० टक्के. गिलावा पूर्ण झाल्यावर २०. फरशी आणि ओटा झाल्यावर २०. दारं, नळ, बटणं बसून रंगाचा पहिला हात झाल्यावर १५. सगळं संपून, राहिलेल्या बारीकसारीक कामांची यादी मिटल्यावर १०. आणि शेवटचे पाच टक्के, ४५ हजार, एक पावसाळा गेल्यावर. ओल आणि गळती पाऊस पडल्याशिवाय कळत नाही, म्हणून पावसाळा.

दुसरा टप्पा नीट बघा. तो मुद्दाम ‘भिंत बुजवण्याआधी’ ठेवला आहे. जे झाकलं जाणार ते झाकण्याआधी बघायचं, फोटो काढायचे, शेजारी टेप धरून काढायचे आणि मगच पैसे सोडायचे. आमच्या बीमचं कोडं असं आधीच सुटलं असतं.

आणि वाढीव कामाचे पैसे ज्या टप्प्यात ते काम झालं त्याच टप्प्याच्या हप्त्याबरोबर देऊन मोकळं व्हायचं. साठू द्यायचे नाहीत. कॉन्ट्रॅक्टरला दर आठवड्याच्या बाजाराला मजुरांचे पैसे वाटावे लागतात. तुमचा बीम त्याने स्वतःच्या खिशातून भरला आणि पाच महिने थांबला, तर शेवटच्या बिलात तो व्याजही वसूल करणार आणि रागही.

आता लिहायचं कसं? वकील नको, स्टॅम्प पेपर नको. घराचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप करा, त्यात घरातले सगळे आणि कॉन्ट्रॅक्टर. मूळ करारात एक ओळ टाका की बदलाला मान्यता फक्त अमुक एकाच माणसाची. आमच्या केसमध्ये बदल मामा सांगत होते, निवडत मामी होत्या आणि पैसे भाऊ भरत होता. कॉन्ट्रॅक्टर ज्याचा ‘हो’ सोपा त्याला विचारत होता, आणि त्यात त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. मग प्रत्येक बदलाचा एकच मेसेज, काम सुरू व्हायच्या आधी. फरशीचा मेसेज असा असता :

‘बदल क्र. १. हॉल आणि खोल्यांची फरशी बदलत आहोत. करारातला भाव ४०, नवीन भाव ६२, फरक २२ रुपये. खरेदी ६७२ चौरस फूट. वाढ १४,७८४ रुपये. मजुरी तीच. दिवस वाढणार नाहीत. मूळ कामातलं काही कमी होत नाही. मान्य असेल तर तसं लिहा, मग माल उचला.’

यात पाच गोष्टी आहेत : काय, किती, कुठल्या दराने, किती दिवस वाढतील आणि काय कमी होईल. भिंतीसारखं आत काय निघेल हे माहीत नसलेलं काम असेल तर नक्की रक्कम लिहिता येत नाही. तिथे रोजची हजेरी आणि मालाच्या पावत्या, वर १५ टक्के, आणि याहून पुढे जाणार असेल तर आधी विचारायचं असा एक आकडा, इतकं लिहायचं. हजेरीचा कागद रोज संध्याकाळी ग्रुपवर. दोन मिनिटांचं काम आहे.

मामांना हे आधी पटेना. ‘‘गावातल्या माणसाशी असं लिहून घ्यायचं? त्याला काय वाटंल?’’ मी विचारलं, ‘‘मामा, कारखान्याच्या काट्यावर उसाची गाडी वजन झाल्यावर तुम्ही पावती घेता की नाही?’’ ‘‘म्हणजे काय! पावतीशिवाय कोण हलतंय तिथनं?’’ ‘‘मग काट्यावरच्या माणसाला वाईट वाटतं का?’’ मामा हसले. कॉन्ट्रॅक्टरही हसला. त्याचा स्वतःचा ऊसही त्याच काट्यावर जातो.

समजा, मिटलं नसतं तर? महारेराकडे जा, असं बरेच जण सुचवतात. पण महारेरा बिल्डरने विकायला काढलेल्या प्रकल्पांसाठी. आपल्या राहत्या घराची दुरुस्ती त्यात येत नाही. रस्ता ग्राहक आयोगाचा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात घरबांधणी ही सेवा आहे, मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे जाता येतं, वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. फी नाममात्र असते. पण आयोग काही भिंत फोडून बीम मोजायला येणार नाही. त्याच्यापुढेही लागणार ते हेच : करार, हप्त्यांच्या नोंदी, फोटो आणि ‘मान्य’ लिहिलेले मेसेज. इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून चालते, तेव्हा काम संपल्यावर ग्रुप डिलीट करू नका आणि फोन बदलताना चॅटचा बॅकअप घ्या. पैसेही शक्यतो बँकेतून किंवा यूपीआयने, आणि शेऱ्यात टप्प्याचं नाव लिहून : ‘गिलावा पूर्ण’, ‘बदल क्र. १’.

९० हजारांतले ७० हजार भावाने त्याच दिवशी पाठवले. २० हजार राखले. का, तर बाथरूमच्या फरशीचा उतार उलटा होता, पाणी जाळीकडे न जाता दाराकडे येत होतं. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, बादलीभर पाणी ओतून दाखवतो. ओतलं, आणि सगळ्यांनीच पाय वर घेतले. मग ग्रुपवर पहिला लेखी मेसेज पडला, तोही कॉन्ट्रॅक्टरच्या हातचा : ‘बाथरूमचा उतार आठ दिवसांत काढून देतो, याचे जादा पैसे नाहीत. पाणी जाळीत गेल्यावर २०,००० द्यावे.’ खाली भावाने लिहिलं, ‘मान्य’. सहाव्या दिवशी पाणी जाळीत गेलं, आणि मामींना आता रात्री अंगणात जावं लागत नाही.